बांगड्याची पेटी उतरवून घेताना

पेटीत वरचे बांगडे नेहमीच चकाकतात, म्हणून हात तळाशी घाला आणि तिथले चार-पाच काढून बघा. कल्ला उचलल्यावर आत लालभडक दिसायला हवं. तपकिरी रंग आणि चिकट पाणी असेल तर परत करा. पोट बोटाने दाबा, खळगा राहिला किंवा पोट फुटलेलं असलं तरी घेऊ नका.

खरी काळजी बर्फाची. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे उबेत राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं. ते तळून किंवा गोठवून जात नाही आणि वासावरून कळेलच असं नाही. खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते. म्हणून तळाच्या माशात थर्मामीटर खुपसा. ४ अंशांच्या वर आकडा गेला आणि पेटीत बर्फही उरला नसेल, तर मासा कितीही देखणा असो, मी घेत नाही.

घेतलेला मासा लगेच साफ करून, जाळीच्या ट्रेमध्ये बर्फाच्या चुऱ्यात, फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा. खाली पाणी निथळायला दुसरा ट्रे हवाच, वितळलेल्या पाण्यात मासा लवकर खराब होतो.