आधी फोटोतले चौकोन मोजा, मग त्रिकोण फिरवा

ऑनलाइन शिकवण्या सुरू केल्या त्या पहिल्याच आठवड्यात माझं उत्तर चुकलं, आणि तेही इतक्या सोप्या गणितात की रात्री झोप लागेना. दुबईत केंब्रिजचा आयजीसीएसई हा अभ्यासक्रम करणाऱ्या एका मराठी मुलाच्या आईने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला होता. चौकोनी कागद, त्यावर एक त्रिकोण आणि खाली प्रश्न: हा त्रिकोण (−1, 2) या बिंदूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने 90° फिरवा, इमेजचे, म्हणजे फिरवल्यावर मिळणाऱ्या आकृतीचे, निर्देशक लिहा. मी दहा मिनिटांत उत्तर पाठवलं. अर्ध्या तासाने मेसेज आला, "ताई, याचे सगळे कोपरे चौकोनांच्या मध्येच पडतायत. असं असतं का?"

नसतं. असं दिसलं की आपलं काहीतरी चुकलंय. त्या फोटोत अक्षांवरचे आकडे पुसट होते आणि ते दर दुसऱ्या रेषेला छापलेले होते: 2, 4, 6. मी घाईत पहिल्याच रेषेला 2 समजले. म्हणजे एका चौकोनाची किंमत 1 असताना मी ती 2 धरली आणि (2, 1) हा कोपरा (4, 2) असा वाचला. फिरवण्याचा केंद्रबिंदू मात्र प्रश्नात आकड्यांत दिलेला होता, तो काही दुप्पट झाला नाही. त्यामुळे माझ्या उत्तरातला प्रत्येक आकडा विषम आला आणि दोन-दोनच्या चौकोनांत प्रत्येक कोपरा अधांतरी लटकला.

आपल्यापैकी बहुतेकींनी निर्देशक भूमिती नववीत केली, पण आकृती आरशात पाहणं, फिरवणं, सरकवणं आणि तिच्या इमेजचे निर्देशक लिहिणं हे शाळेत हाताखालून गेलेलं नसतं. परदेशी अभ्यासक्रमांत ते हमखास असतं. हे काम नव्याने घेणाऱ्यांना वाटतं की सूत्रं पाठ केली की झालं. सूत्रं दोन दिवसांत पाठ होतात. चुका होतात त्या फोटो वाचताना.

म्हणून मी आता एक सवय लावून घेतली आहे. त्रिकोणाकडे बघायचंच नाही. आधी एका अक्षावरचे स्वच्छ दिसणारे दोन आकडे शोधायचे आणि त्यांच्यामध्ये किती चौकोन आहेत ते मोजायचं. 0 आणि 4 यांच्यात चार चौकोन असतील तर एक चौकोन म्हणजे 1, दोन असतील तर 2. मग दुसऱ्या अक्षावर पुन्हा तेच. दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं असेलच असं गृहीत धरू नका. मुलाने स्वतः आलेख कागदावर काढलं असेल तर आणखी एक सापळा असतो. त्या कागदावर ठरावीक अंतराने जाड रेषा असतात आणि तिरक्या फोटोत त्यातलीच एखादी अक्ष वाटते. अक्ष म्हणजे ज्या रेषेवर आकडे लिहिलेत ती. जाडी बघू नका.

दुसरी गोष्ट, स्क्रीनला पट्टी लावू नका. मोबाईल जरा तिरका धरला की जवळचे चौकोन मोठे आणि लांबचे लहान दिसतात. सरळ रेषा साधारण सरळच राहते, पण अंतरं आणि कोन बदलतात. 90° चा कोन फोटोत 80° चा दिसू शकतो. मात्र चौकोनांची संख्या बदलत नाही, वही मध्यभागी फुगलेली असली तरी. म्हणून मोजायचे ते चौकोन. कधी एखादा बिंदू रेषांच्या छेदावर नसून चौकोनाच्या पोटात असतो आणि तो बरोबर मध्यावर आहे की नाही हे नजरेने ठरत नाही. तेव्हा त्या चौकोनाचे दोन्ही कर्ण फोटोवरच काढा. कर्ण जिथे छेदतात तिथेच चौकोनाचा मध्य, फोटो कितीही तिरका असला तरी. तिरक्या फोटोत चौकोनाच्या बाजूचा मध्य अंदाजाने घेतला तर तो हुकतो, हा कर्णांचा छेद हुकत नाही.

आता तोच त्रिकोण नीट सोडवू. A(2, 1), B(5, 1), C(5, 3). केंद्र P(−1, 2), घड्याळाच्या दिशेने 90°. आरंभबिंदूभोवती फिरवायचं असतं तर (x, y) → (y, −x) हे सूत्र लगेच चाललं असतं. केंद्र दुसरीकडे असलं की मुलं तेच सूत्र थेट लावतात आणि फसतात. मी सूत्र बाजूला ठेवते आणि पावलं मोजायला लावते. P पासून A कडे कसं जायचं? 3 उजवीकडे, 1 खाली. आता कागद घड्याळाच्या दिशेने पाव फेरी फिरला: उजवीकडची पावलं खाली झाली, खालची डावीकडे झाली. म्हणजे P पासून 3 खाली, 1 डावीकडे. तो बिंदू (−2, −1), हाच A′. B साठी 6 उजवीकडे आणि 1 खाली, त्याचे 6 खाली आणि 1 डावीकडे, म्हणून B′(−2, −4). C मात्र P पेक्षा वर आहे. 6 उजवीकडे, 1 वर. वरचं पाऊल उजवीकडे वळतं, म्हणून 6 खाली, 1 उजवीकडे आणि C′(0, −4). पडताळा घ्यायचा तर बाजू मोजा: AB तीन चौकोन होती, A′B′ तीनच आहे. BC दोन, B′C′ दोन.

इथपर्यंत कुणीही शिकवेल. मुलाचं उत्तर चुकलं तर *कुठे* चुकलं हे ओळखणं हे शिकवणाऱ्याचं खरं काम. त्यासाठी मी एक साधी वजाबाकी करते. समजा मुलाने (1, −2), (1, −5), (3, −5) लिहिलं. बरोबर उत्तरातून प्रत्येक बिंदू वजा करा. तिन्ही वेळा फरक −3 आणि 1 एवढाच येतो. फरक सगळीकडे सारखा, म्हणजे आकृती अगदी बरोबर फिरली आहे, फक्त केंद्र चुकलं. आणि उत्तर (0, 5), (0, 8), (−2, 8) असं आलं तर? इथे फरक प्रत्येक बिंदूला वेगळा येतो, म्हणून वजाबाकीऐवजी बेरीज करा. A′ चं बरोबर उत्तर आणि मुलाचं उत्तर यांची बेरीज केली तर (−2, 4), B′ ची तेवढीच, C′ चीही तेवढीच. त्याचं निम्मं म्हणजे (−1, 2), आपला P. केंद्र बरोबर आहे, मुलाने उलट दिशेने फिरवलंय. एकदा हे दिसायला लागलं की "परत कर" असं सांगावं लागत नाही, नेमकी चूक दाखवता येते.

रिफ्लेक्शनमध्ये, म्हणजे आकृती आरशात पाहण्यात, सगळ्यात जास्त गोंधळ x = 1 या रेषेचा. X-अक्ष आडवा, मग x = 1 पण आडवी, असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ती असते उभी. आपला त्रिकोण x = 1 मध्ये परावर्तित केला तर A आरशापासून एक चौकोन उजवीकडे आहे, तो एक चौकोन डावीकडे जातो: (0, 1). B आणि C चार चौकोन उजवीकडे, ते (−3, 1) आणि (−3, 3). मुलाच्या उत्तरात A आणि B जागेवरच राहिले आणि C फक्त (5, −1) ला गेला, तर त्याने y = 1 ची रेषा घेतली हे बघताक्षणी कळतं. y = x बद्दल एवढंच सांगते की फोटोत ती 45° ची दिसेलच असं नाही. (0, 0), (1, 1), (2, 2) असे कोपरे जोडून ती काढा.

सरकवण्यात शिकवण्यासारखं फार नाही, एक चूक सोडून. त्रिकोण 7 डावीकडे सरकला तर B′ जातो (−2, 1) ला. मुलं दोन आकृत्यांमधली मोकळी जागा मोजतात, −2 पासून 2 पर्यंत, आणि 4 लिहितात. A पासून A′ पर्यंत मोजायचं, कोपऱ्यापासून त्याच कोपऱ्यापर्यंत.

परीक्षेचं थोडं. केंब्रिजच्या पेपरात आकृती आणि इमेज देऊन त्यामागचं एकच रूपांतर पूर्ण सांगा, असा प्रश्न येतो. फिरवण्यासाठी तीन गोष्टी लागतात: "रोटेशन" हा शब्द, दिशेसह कोन, आणि केंद्र. "फिरवून मग सरकवलं" असं दोन पायऱ्यांत लिहिलं तर प्रश्नाचं उत्तरच होत नाही, कारण त्यांनी एकच मागितलंय. ट्रेसिंग पेपर त्या पेपरात चालतो. तो मुलांना घरीही वापरायला लावा, केंद्रावर पेन्सिलचं टोक टेकवून. अमेरिकेत आठवीला हाच भाग आहे, पण तिथे सरकवणं (x, y) → (x − 7, y) असं लिहितात, आणि नुसतं 90° म्हटलं की घड्याळाच्या उलट दिशा धरायची पद्धत आहे. मराठी घरातल्या दोन मुलांना एकाच आठवड्यात शिकवताना मी स्वतः यात अडखळले आहे.

शेवटचा घोळ कॅमेऱ्याचा. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो काही फोनमध्ये आरशासारखा उलटा साठवला जातो. आकडे उलटे दिसले तर लगेच कळतं, पण आकडे कापले गेले असतील तर A, B, C कोणत्या दिशेने फिरतात ते प्रश्नातल्या निर्देशकांशी ताडून बघा. आपल्या त्रिकोणात ते घड्याळाच्या उलट फिरतात. फोटोत घड्याळाच्या दिशेने फिरले तर फोटोच उलटा आहे.

व्हिडिओ कॉलवर तर याहून गंमत. न्यू जर्सीतली एक मुलगी वही कॅमेऱ्यासमोर धरून बोटाने त्रिकोण फिरवून दाखवायची आणि दर वेळी उलट दिशेने. मी दोन तास तिला घड्याळाची दिशा शिकवली. तिला ती चांगली येत होती. ती स्क्रीनवरच्या स्वतःच्या छोट्या चौकटीत बघून बोट फिरवत होती, आणि ती चौकट तिला आरशासारखी उलटी दिसत होती. मला मात्र वही सुलटीच दिसायची. आता पहिल्या तासालाच ती आरशाची सेटिंग बंद करायला लावते.