‘यासोबत हेही घेतलं’: छोट्या दुकानाच्या यादीतल्या या चुका टाळा

दादरच्या एका किराणा-मसाल्याच्या दुकानाचं ऑर्डर ॲप मी गेली काही वर्षं सांभाळतोय. वस्तूच्या पानावर खाली ‘यासोबत लोकांनी हेही घेतलं’ अशी तीन वस्तूंची पट्टी येते. जुन्या बिलांत कुठल्या दोन वस्तू एकत्र आल्या ते मोजायचं आणि जास्त वेळा आलेली जोडी दाखवायची, एवढंच यामागचं काम. पण इतर दुकानांसाठी ही पट्टी बनवणारी मुलं माझ्याकडे अडचणी घेऊन येतात, तेव्हा दहातल्या आठ वेळा चूक तीच असते. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

नुसती बेरीज करून मोकळं होणं

ही चूक सगळे करतात. जोड्या मोजल्या, उतरत्या क्रमाने लावल्या, वरच्या तीन उचलल्या. मग प्रत्येक वस्तूखाली साखर येते. तुरीच्या डाळीखाली साखर, उदबत्तीखाली साखर, भांडी घासायच्या साबणाखालीही साखर. (पिशवीचे पैसे आणि घरपोच आकार या ओळी बिलातून आधी काढल्या नसतील तर साखरेच्याही वर त्या येतात. त्या आधी काढा.)

असं का होतं ते आकड्यांत बघू. सोयीसाठी गोल आकडे घेतो. वर्षाची ४,००० बिलं आहेत आणि त्यातल्या १,२०० बिलांत साखर आहे, म्हणजे दर दहा बिलांमागे तीन. चकलीची भाजणी ६० बिलांत आहे. भाजणी आणि साखर यांचा एकमेकींशी काहीही संबंध नसता, तरीही ६० च्या तीन दशांश, म्हणजे १८ बिलांत त्या एकत्र दिसल्या असत्या. प्रत्यक्षात दिसल्या २१ बिलांत. म्हणजे भाजणी घेणारा माणूस साखर घेतो तो भाजणीमुळे नाही, घरात साखर लागतेच म्हणून.

आता सोऱ्या बघा. तो वर्षात ४० बिलांत आहे. योगायोगाने भाजणीसोबत यायला हवा होता ६० गुणिले ४० भागिले ४,०००, म्हणजे ०.६ बिलांत. आला ९ बिलांत, अपेक्षेच्या पंधरा पट. नुसत्या बेरजेत साखरेचे २१ सोऱ्याच्या ९ ला हरवतात आणि जी एक सूचना खरंच कामाची होती ती पट्टीबाहेर राहते. प्रत्यक्ष आकड्याला अपेक्षित आकड्याने भागायचं, याला लिफ्ट म्हणतात. इतकं बऱ्याच जणांना ठाऊक असतं.

तरीही तिथेच थांबू नका. केवड्याचा अर्क वर्षात दोनदाच विकला गेला आणि दोन्ही वेळा त्याच बिलात भाजणी होती असं समजा. अपेक्षित आकडा ०.०३, प्रत्यक्ष २, लिफ्ट जवळपास ६७. सोऱ्याच्याही वर केवडा बसला, तोही दोन बिलांच्या जोरावर. छोट्या दुकानात अशा कधीमधी विकल्या जाणाऱ्या वस्तूच जास्त असतात, त्यामुळे नुसती लिफ्ट लावली की यादी कचऱ्याने भरते.

माझी सवय अशी, की भागाकार करताना खाली २ मिळवायचे:

```
गुण = एकत्र बिलं / (अपेक्षित बिलं + २)
```

साखर २१ भागिले २०, म्हणजे १.०५. केवडा २ भागिले २.०३, म्हणजे ०.९९. सोऱ्या ९ भागिले २.६, म्हणजे ३.४६. क्रम आपोआप जागेवर येतो. २ हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, या दुकानाच्या बिलांवर १, २, ५ असे वापरून पाहिले आणि दुकानदार काकांनी यादी बघून ‘हे बरोबर’ म्हटलं तो ठेवला. तुमच्याकडे तो वेगळा निघेल. यादी दुकानदारासमोर ठेवून तो ठरवा, घरी एकट्याने बसून नको.

बिलं मोजली, माणसं मोजलीच नाहीत

या चुकीमुळे मला दुकानाच्या काकूंचा फोन आला होता. गुण वगैरे सगळं वरच्यासारखं नीट बसवलं होतं. गणपतीच्या आधीचा आठवडा होता, मोदकाच्या पिठाला मागणी होती. काकू म्हणाल्या, “अरे, मोदकाच्या पिठाखाली झुरळांचा खडू कशाला दाखवतोयस? लोक काय समजतील आमच्या पिठाबद्दल?” मी ॲप उघडून पाहिलं. पहिल्याच जागेवर खडू होता.

हिशेब तपासला तर चूक सापडेना. पीठ १४० बिलांत, खडू ७० बिलांत, अपेक्षित २.४५, प्रत्यक्ष २७, गुण सहाच्या वर. सूत्राच्या दृष्टीने ही जोडी सोऱ्या-भाजणीपेक्षाही पक्की होती. शेवटी ती २७ बिलं एकेक करून उघडली. त्यातल्या २४ बिलांवर एकच फोन नंबर होता.

ते होतं जवळचंच एक पोळीभाजी केंद्र. संकष्टी आणि विनायकी, महिन्यातून दोनदा त्यांच्याकडे मोदकांच्या ऑर्डरी असतात. दर वेळी ते पीठ मागवायचे आणि त्याच फेरीत स्वयंपाकघराच्या साफसफाईचं सामानही: फिनाईल, तारेच्या घासण्या, खडू. त्यांच्या बाजूने यात वावगं काहीच नव्हतं. चूक माझ्या मोजणीची होती. एका गिऱ्हाइकाची सवय मी चोवीस घरांची आवड म्हणून दाखवत होतो. बाकीची तीन बिलं तीन वेगवेगळ्या घरांची होती. म्हणजे ही जोडी घेणारी माणसं एकूण चारच.

तेव्हापासून प्रत्येक जोडीचे मी दोन आकडे काढतो: बिलं किती आणि माणसं किती. पाच वेगळी माणसं नसतील तर ती जोडी पट्टीत जात नाही, गुण कितीही असोत.

```sql
SELECT a.item_id AS item, b.item_id AS other,
       COUNT(DISTINCT a.bill_id)     AS bills,
       COUNT(DISTINCT o.customer_id) AS people
FROM bill_items a
JOIN bill_items b ON b.bill_id = a.bill_id
                 AND b.item_id <> a.item_id
JOIN bills o ON o.bill_id = a.bill_id
WHERE o.status = 'delivered'
GROUP BY a.item_id, b.item_id
HAVING COUNT(DISTINCT o.customer_id) >= 5;
```

यात `DISTINCT` गाळू नका. बिलात एकच वस्तू दोन ओळींत आली (आधी अर्धा किलो, मग आठवण झाली म्हणून अजून अर्धा) की त्याशिवाय जोडी दुप्पट मोजली जाते.

काउंटरवरच्या रोख गिऱ्हाइकांचं मात्र वेगळं बघावं लागतं. त्यांचा `customer_id` रिकामा असेल तर वरची ओळ त्यांना मोजतच नाही. बिलिंगवाल्याने सगळ्यांना एकच ‘CASH’ कोड दिला असेल तर शेकडो माणसं मिळून एक माणूस होतो. मी अशा बिलांना बिल क्रमांकच ओळख म्हणून देतो, म्हणजे प्रत्येक रोख बिल एक माणूस. हे शंभर टक्के खरं नाही, रोज येणारे शेजारी त्यात वेगवेगळे धरले जातात, पण वरच्या दोन्हींपेक्षा खूप बरं.

याच चुकीचा दुसरा अवतार म्हणजे मंडळाचं लांबलचक बिल. चार वस्तूंच्या बिलातून सहा जोड्या निघतात. ऐंशी वस्तूंच्या एका बिलातून ३,१६० निघतात, म्हणजे घरगुती सव्वापाचशे बिलांएवढ्या. मंडळाच्या पूजेच्या सामानात समई, कापूर, कागदी प्लेटा, पत्रावळ्या, दोरी, पाण्याच्या बाटल्या सगळं एकत्र असतं, त्यातून कुणाला काय सुचवणार? पंचवीसहून जास्त वस्तूंची बिलं मी मोजणीतून सरळ काढून टाकतो. दुकानाने स्वतः बांधलेली फराळाची पेटीही तशीच. बिलिंगमध्ये ती फुटून आठ वस्तू होत असेल तर त्या आठ जोडणारे आपणच असतो, गिऱ्हाईक नाही.

सगळ्या जागा भरायची घाई

नव्या मुलांचं मला सगळ्यात खटकतं ते हे. सहाशे वस्तू आहेत, प्रत्येकीखाली तीन सूचना आल्याच पाहिजेत, म्हणून पाच माणसांची अट दोनवर आणायची, मग एकवर. पट्टी भरते, आणि मिठाखाली चपलेचं पॉलिश येतं. आमच्याकडे अट लावल्यावर सहाशेतल्या शंभराच्या आसपास वस्तूंनाच सूचना उरल्या. बाकीच्या पानांवर पट्टी येतच नाही आणि त्यामुळे कुणाचं काही अडलेलं नाही.

याच घाईत कुणी ॲप्रिओरीची लायब्ररी उचलून आणतो. राकेश अगरवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांनी १९९४ मध्ये ती पद्धत मांडली ती मोठमोठ्या नोंदींत तीन, चार, पाच वस्तूंचे गट शोधायला, कारण तिथे सगळे गट मोजणं परवडत नाही. सहाशे वस्तूंच्या सगळ्या जोड्या १,७९,७०० होतात. वरची क्वेरी त्या साध्या लॅपटॉपवर पटकन मोजते. लायब्ररी आणली की आकडे आत दडतात आणि खडूची ती २७ बिलं उघडून बघायची वेळच येत नाही. मी आजही नवी यादी निघाली की वरच्या वीस जोड्यांची पाच-पाच बिलं डोळ्यांनी वाचतो. तास-दीड तास जातो. तो वाचवायचा मार्ग मला सापडलेला नाही आणि सापडायला हवा असंही वाटत नाही.

बारीकसारीक

रद्द झालेल्या आणि परत आलेल्या ऑर्डरी मोजू नका. संपलेला माल सुचवू नका. पाव किलो, अर्धा किलो आणि एक किलो भाजणी मोजताना एकच वस्तू धरा, नाहीतर साठ बिलं तीन ठिकाणी वाटली जातात आणि एकही जोडी अट पार करत नाही.

सणांचं थोडं जास्त बघावं लागतं. वर्षभराची बिलं एकत्र मोजली की जूनमध्ये कुणी तिळाचं तेल बघितलं तर खाली उटणं येतं, कारण त्या दोघांची गाठ दिवाळीतच पडलेली असते. शेवटचे तीनच महिने मोजावेत तर छोट्या दुकानात आकडे इतके आटतात की पाच माणसं कुठेच भरत नाहीत. मी मोजणी वर्षाचीच ठेवतो आणि उटणं, तिळगूळ, रंग, राख्या, मोदकाचे साचे अशा चाळीसेक वस्तूंसमोर कुठल्या महिन्यांत दाखवायच्या ते हाताने लिहून ठेवलंय. तिथी मागेपुढे होतात, अधिक महिना आला की सण पुढे सरकतात, म्हणून दर वर्षी पाडव्याच्या सुमाराला काकू नवं कॅलेंडर घेऊन बसतात आणि मी त्यांच्या समोर ते महिने बदलतो.