नेत्र ओपीडीची रांग नेमकी कुठे तुंबत होती

आमच्या नेत्र ओपीडीत सगळ्यांचा राग केसपेपरच्या खिडकीवर. दुसरी खिडकी उघडली, तर गर्दी नुसती डॉक्टरांच्या दारापुढे सरकली. मग सगळ्या कामाचा वेग एकाच अडसरावर ठरतो असं सांगणाऱ्या थिअरी ऑफ कन्स्ट्रेन्ट्सच्या रीतीने केसपेपरवरच प्रत्येक टप्प्याची वेळ लिहायला लावली. नंबर तपासणीची खोली अधूनमधून रिकामी असायची, डॉक्टरांपुढची रांग मात्र हटत नव्हती. अडसर तिथेच होता.

जादा डॉक्टर मागण्याआधी आहे त्यांचा वेळ कुठे जातो ते पाहिलं. मधुमेही रुग्ण पडदा तपासायला आत यायचा, डॉक्टर “थेंब घालून या” म्हणायचे. बाहुली मोठी व्हायला 20-30 मिनिटं, मग तोच रुग्ण पुन्हा आत. एका माणसाच्या दोन फेऱ्या!

आता दृष्टी, बाहुलीची प्रतिक्रिया आणि डोळ्याचा दाब नंबर तपासणारे ऑप्टोमेट्रिस्ट आधीच नोंदवतात आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या नियमाने थेंब घालतात. टॉर्चने बघताना डोळ्यातलं पाणी वाहून जाण्याचा कोन अरुंद वाटला, तर थेंब नाहीत, आधी डॉक्टर. काचबिंदूचा झटका येण्यापेक्षा एक फेरी जास्त परवडली.

केसपेपरही आता डॉक्टरांच्या वेगानेच आत सोडतो. थेंबांच्या बाकावर गर्दी दिसते, पण तिथे सगळे एकाच वेळी थांबतात, कुणी कुणाला अडवत नाही. तिथे माणूस वाढवायची मागणी आली होती, ती मी नाकारली.