प्रमोटरने शेअर घेतले म्हणजे नक्की काय केलं? फॉर्म सी वाचायची रीत

पर्वती चढणाऱ्यांत रोज एक तरी गृहस्थ असा भेटतो, ज्याच्या मेव्हण्याचा मित्र चाकणच्या कुठल्याशा कंपनीत असतो. 'मोठी ऑर्डर आलीये, अजून जाहीर नाही, घेऊन ठेव,' असं तो कानात सांगतो. ही बातमी खोटी असेल तर तुमचे पैसे जातात. खरी असेल तर तुम्ही कायद्याच्या कचाट्यात येता, कारण सेबीच्या २०१५च्या नियमांत 'इनसायडर' म्हणजे फक्त कंपनीतला माणूस नव्हे. अप्रकाशित, भाव हलवणारी माहिती ज्याच्या हाती आहे तो प्रत्येक जण इनसायडर. मग ती त्याला बोर्डरूममध्ये मिळालेली असो की लग्नाच्या पंगतीत.

'मी त्या बातमीमुळे घेतले नाहीत, घेणारच होतो' हा बचाव पुष्कळांना सुचतो. पण माहिती हाती असताना व्यवहार केला की तो त्या माहितीमुळेच केला असं नियम धरून चालतात. तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी मग तुमच्यावर येते. दंड किमान १० लाख रुपये, आणि कमाल २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यातलं जे जास्त असेल ते.

यात नुकसान कोणाचं, असं विचारणाऱ्यांना मी १९९६चं उदाहरण देतो. त्या वर्षी मार्चमध्ये हिंदुस्थान लिव्हरने युनिट ट्रस्टकडून ब्रुक बाँड लिप्टनचे ८ लाख शेअर घेतले. महिना उलटायच्या आत दोन्ही कंपन्यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली. दोघींची पालक कंपनी एकच. म्हणजे घेणाऱ्याला पुढचं ठाऊक होतं, आणि विकणाऱ्या युनिट ट्रस्टमागे होते लाखो छोटे गुंतवणूकदार. सेबीने कारवाई केली, पण अपिलात ती टिकली नाही. विलीनीकरणाची चर्चा आधीच वर्तमानपत्रांत होती, हा मुद्दा तिथे चालला. तरी त्या व्यवहाराचा हिशेब अगदी स्वच्छ दिसतो. बातमी माहीत असलेल्याच्या खिशात जे येतं, ते माहीत नसलेल्याच्या खिशातून जातं.

आता दुसरी बाजू. प्रमोटर, म्हणजे कंपनी ज्याच्या ताब्यात असते तो मालक, किंवा संचालक यांनी स्वतःच्या कंपनीचे शेअर घेणं-विकणं हा गुन्हा नाही. तो उघडपणे करावा लागतो, इतकंच. एका तिमाहीत व्यवहारांची एकूण किंमत १० लाखांच्या वर गेली की त्याने दोन कामकाजी दिवसांत कंपनीला कळवायचं, आणि कंपनीने पुढच्या दोन दिवसांत एक्स्चेंजला. यासाठीचा नमुना म्हणजे फॉर्म सी. पर्वतीवरच्या गृहस्थापेक्षा हा कागद शंभर पटींनी बरा, फक्त तो वाचता आला पाहिजे.

यादी उघडा

एनएसईच्या साइटवर Corporate Filings मध्ये Insider Trading आहे. कंपनीचं नाव टाका, एक वर्षाचा काळ निवडा, फाइल उतरवून घ्या. झालं.

'Mode of Acquisition' हा रकाना आधी वाचा

लोक इथेच चुकतात. मीही चुकलो होतो, आणि त्याचे पैसे मोजले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश आला की अमुक कंपनीच्या प्रमोटरने ११ लाख शेअर उचलले. मी आकडा साइटवर पडताळून पाहिला, तो बरोबर होता. १८४ रुपयांनी ३०० शेअर घेतले आणि फार अभ्यास केल्याच्या थाटात बसलो. भाव १२१वर आल्यावर तीच ओळ शेवटपर्यंत वाचली. पद्धतीच्या रकान्यात Inter-se-Transfer लिहिलं होतं. आत्याबाईंनी भाच्याच्या नावे शेअर केले होते. घरातली वाटणी, बस. बाजारात एक शेअरही कोणी घेतलेला नव्हता.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की संख्या सर्वांत शेवटी पाहायची. आधी पद्धत, मग भाव, मग तारीख. किती शेअर हा आकडा डोळ्यांत भरतो आणि तोच फसवतो.

एक नमुना घेऊ. समजा, चाकणची सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे. एकूण शेअर ४ कोटी, त्यांतले २ कोटी २० लाख प्रमोटर कुटुंबाकडे, म्हणजे ५५ टक्के. बाजारभाव २१२ रुपये. डिसेंबर तिमाहीचे निकाल २९ जानेवारीला लागले. जानेवारी-फेब्रुवारीत यादीत पाच नोंदी दिसतात. वडिलांकडून मुलाकडे १२ लाख शेअर गेले. अध्यक्षांना वॉरंटच्या, म्हणजे आधी ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याच्या हक्काच्या, बदल्यात १० लाख शेअर मिळाले. अध्यक्षांच्या पत्नीने ४० हजार शेअर घेतले. वित्त अधिकाऱ्याला ईसॉपचे, म्हणजे कर्मचाऱ्यांना स्वस्तात शेअर देण्याच्या योजनेतले, १५ हजार मिळाले आणि त्यांतले ९ हजार त्याने विकले. आणि कुटुंबाने २० लाख शेअर गहाण टाकले.

व्हॉट्सॲपवर याचं काय होईल? 'प्रमोटरांनी २२ लाख ४० हजार शेअर घेतले!' बेरीज चुकलेली नाही. अर्थ मात्र साफ चुकलेला आहे.

वडील-मुलाचे १२ लाख लगेच खोडा. Inter-se-Transfer, Gift आणि बहुतेक वेळा Off Market म्हणजे खिसा बदलला, पँट तीच. खात्री करायची तर प्रमोटर गटाची आधीची आणि नंतरची बेरीज पाहा. ती हललेली नसते.

वॉरंटचे १० लाख जास्त फसवे असतात, कारण त्यात खरोखर पैसे भरलेले असतात. पण किमतीच्या रकान्यातल्या रकमेला शेअरच्या संख्येने भागा. १५ कोटी भागिले १० लाख म्हणजे १५० रुपये. बाजारात २१२ असताना १५०ने कसे मिळाले? तर वॉरंट देताना भाव ठरला होता, तेव्हा पाव रक्कम भरली होती, आणि उरलेली भरायला १८ महिन्यांपर्यंत मुदत असते. २१२चा शेअर १५०ला मिळत असेल तर कोणीही घेईल. तिथल्या तिथे कागदावर ६ कोटी २० लाखांचा फायदा आहे, यात कंपनीवरचा विश्वास वगैरे काही नाही. उलट बाजारभाव १५०च्या खाली गेला असताना अध्यक्षांनी उरलेले पैसे भरले असते, तर मी खुर्ची पुढे ओढून बसलो असतो. आणखी एक. हे शेअर नव्याने काढलेले आहेत, त्यामुळे एकूण शेअर ४ कोटी १० लाख झाले आणि तुमचा वाटा तेवढा पातळ झाला.

वित्त अधिकाऱ्याने ९ हजार विकले म्हणून घाबरू नका. ईसॉपचे १५ हजार शेअर त्याला ४० रुपयांनी पडले, म्हणजे ६ लाख भरावे लागले. बाजारभाव आणि ४० रुपये यांतला फरक त्याच्या पगारात धरला जातो आणि त्यावर आयकर लागतो. साधारण ३० टक्क्यांच्या दराने तो ८ लाखांच्या आसपास जातो. दोन्ही भागवायला बहुतेक जण काही शेअर विकतातच. २१५ रुपयांनी ९ हजार विकून त्याला १९ लाख ३५ हजार मिळाले. ही बातमी नव्हे, घरखर्च आहे. ईसॉप न घेता जुने शेअर कोणी सलग दोन-तीन तिमाही विकत असेल, तर ती गोष्ट वेगळी.

उरले पत्नीचे ४० हजार. पद्धत Market Purchase. ८४ लाख ८० हजार भागिले ४० हजार, बरोबर २१२. म्हणजे तुम्ही-आम्ही घेतो त्याच बाजारात, त्याच भावाने, स्वतःच्या पैशाने. यादीत वाचण्याजोगी खरेदी ही एवढीच.

तारीख जुळवा

तिमाही संपल्यापासून निकाल लागल्यावर ४८ तास उलटेपर्यंत आतल्यांसाठी ट्रेडिंग विंडो बंद असते, म्हणजे त्यांना बाजारात कंपनीचे शेअर घेता-विकता येत नाहीत. आपल्या नमुन्यात १ जानेवारी ते ३१ जानेवारी. पत्नीची खरेदी ३ ते ५ फेब्रुवारीची, म्हणजे विंडो उघडल्यावरची. इथे खरेदीची तारीखच पाहा. कंपनीला कळवल्याची आणि साइटवर आल्याची तारीख वेगळी असते, आणि त्या गोंधळात मी लोकांना उगाच 'बंद विंडोत घेतले' म्हणून ओरडताना पाहिलंय. खरोखरच बाजारातली खरेदी जानेवारीत झालेली दिसली, तर तो नियमभंग असू शकतो. मग कंपनीने एक्स्चेंजला तसं कळवलंय का ते शोधा.

एकदा घेतल्यावर आतल्यांना सहा महिने उलटा व्यवहार करता येत नाही. म्हणजे ऑगस्टपर्यंत विक्री नाही. आज घेऊन उद्या विकायची सोय नसल्यामुळेच या खरेदीला थोडं वजन आहे.

आता गहाणाची ओळ

'संचालक विकतो त्याची कारणं शंभर, पण घेतो त्याचं एकच' असं लोक ठोकून देतात. मला ते पटत नाही. खरेदीलाही दुसरं कारण असतं आणि ते बहुधा गहाणाच्या ओळीत सापडतं.

कुटुंबाने २० लाख शेअर गहाण टाकले २० जानेवारीला. विंडो बंद असली तरी पैसे उभे करायला, कंपनीच्या अनुपालन अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन, हे करता येतं. त्या शेअरची किंमत २१२च्या भावाने ४२ कोटी ४० लाख. भाव घसरला की कर्ज देणारा आणखी शेअर मागतो, नाहीतर हातातले विकतो. म्हणजे भाव टिकवण्यात कुटुंबाचा ४२ कोटींचा जीव अडकलेला आहे, आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी घरातून ८५ लाखांची खरेदी होते, जिची नोंद सगळ्या जगाला दिसणार आहे. हे विश्वासापोटी की भावाला टेकू म्हणून, ते फॉर्म सी सांगत नाही. पण ४० हजार म्हणजे कुटुंबाच्या साठ्याच्या ०.२ टक्केही नाहीत, हे तो सांगतो. गहाण नसतं आणि याच घरातल्या तिघांनी वेगवेगळ्या दिवशी बाजारातून घेतले असते, तर मी ताळेबंद काढून बसलो असतो.

या नमुन्यात मी काहीच घेणार नाही. मार्च तिमाहीचा शेअरहोल्डिंग पॅटर्न २१ एप्रिलपर्यंत येतो. त्यात प्रमोटरांच्या नावापुढचा गहाणाचा रकाना पाहीन. २० लाखांचा आकडा वाढला असेल, तर पत्नीची खरेदी यादीतून खोडेन. कमी झाला असेल, तर निकालानंतरच्या नोंदी पुन्हा उतरवून घेईन आणि पद्धतीच्या रकान्यापासून वाचायला लागेन.