फोनवर ‘आत्ताच हो म्हणा’ म्हणणाऱ्या रिक्रूटरला मी दिलेले लेखी उत्तर

बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यात मी क्वालिटी विभागात काम करतो. पुण्यातील एका कंपनीसाठी उमेदवार शोधणाऱ्या रिक्रूटरने दुपारी फोन करून वार्षिक ७ लाख २० हजारांचा आकडा सांगितला आणि ‘संध्याकाळपर्यंत होकार द्या, नाहीतर दुसरा उमेदवार तयार आहे’ अशी घाई सुरू केली. ‘सर, प्रस्तावात मला रस आहे, पण मी मेलवर उत्तर देतो,’ एवढेच बोलून मी फोन ठेवला, आणि बोलणे ताजे असतानाच मेल पाठवला:

‘आज फोनवर आपण वार्षिक ७ लाख २० हजार आणि तीस दिवसांत रुजू होणे असे सांगितलेत. यातील निश्चित पगार, कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम आणि मालकाचा पीएफचा वाटा वेगवेगळा दाखवणारा तक्ता व ऑफर लेटर कृपया पाठवावे. माझा नोटीस पिरियड साठ दिवसांचा आहे. कागद मिळाल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत मी निर्णय कळवीन. तोपर्यंत हा मेल होकार समजू नये.’

शेवटचे वाक्य मुद्दाम घातले, कारण फोनवरचे ‘बघतो’ पुढे ‘उमेदवार तयार आहे’ म्हणून कंपनीला कळवले जाऊ शकते. मुदतही मीच दिल्यामुळे टाळाटाळीचा आरोप उरला नाही.

दुसऱ्या दिवशी तक्ता आला. त्यात ९० हजार रुपये कामगिरीवर अवलंबून होते आणि पीएफचा मालकाचा वाटाही त्याच आकड्यात धरला होता. संध्याकाळची मुदत मात्र कुठेच नव्हती. ऑफर लेटर हातात येईपर्यंत मी राजीनामा दिला नाही.