दरवर्षी वाढणारा लाभांश: कंपनीची दहा वर्षांची वही कशी मांडायची

आमच्या लातूरकडं शेत दुसऱ्याला कसायला द्यायचं तर दोन रीती आहेत. ठोक्यानं दिलं तर ठरलेली रक्कम हातात पडते, मग पाऊस येवो न येवो. बटईनं दिलं तर पिकात वाटा. सोयाबीन चांगलं झालं तर वाटा मोठा, नाही झालं तर जे आलं त्यातच भागवायचं. बँकेतली एफडी हा ठोका आहे आणि शेअरवरचा लाभांश ही बटई. दरवर्षी थोडा थोडा वाढत जाणारा लाभांश शोधणं म्हणजे ज्याच्या हाताखाली रान वर्षागणिक सुधारतंय असा बटईदार शोधणं. त्याची पारख कशी करायची, तेवढंच इथं सांगतो.

मे 2025 मध्ये आमच्या ओळखीचे तात्या माझ्याकडं आले. निवृत्त शिक्षक. मी लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देतो, म्हणून आधी कागद दाखवले आणि मग मोबाइल पुढं केला. आयटीसी 785 टक्के लाभांश देणार, असा संदेश होता. "एका वर्षात आठपट होतात का हो पैसे?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

होत नाहीत. लाभांशाची टक्केवारी बाजारभावावर नव्हे, तर शेअरच्या दर्शनी किमतीवर, म्हणजे कागदोपत्री नोंदलेल्या मूळ किमतीवर मोजतात आणि आयटीसीची दर्शनी किंमत आहे 1 रुपया. 785 टक्के म्हणजे 7 रुपये 85 पैसे. आधीचा अंतरिम, म्हणजे वर्ष संपायच्या आत दिलेला लाभांश 6.50 रुपये होता, तो धरून वर्षाचे 14.35 रुपये. बाजारात शेअर चारशेच्या वर होता, म्हणजे घातलेल्या पैशावर परतावा साडेतीन टक्क्यांच्या आत. म्हणून पहिलं काम हे: टक्केवारी बाजूला ठेवायची आणि एका शेअरला वर्षात किती रुपये मिळाले, एवढंच लिहायचं.

वही मांडा

दोनशे पानी वही घ्या किंवा संगणकावर तक्ता करा. bseindia.com वर कंपनीचं नाव टाकलं की `Corporate Actions` खाली लाभांश, बोनस, विभाजन सगळं तारखेनिशी मिळतं. एका ओळीत एक आर्थिक वर्ष, अशी दहा वर्षं लिहा. तात्यांसोबत मी आयटीसीचीच वही मांडली. शेअर घ्या म्हणून नव्हे. या एका कंपनीच्या आकड्यांत शिकण्यासारखे सगळे खड्डे सापडतात म्हणून.

2015-16 ला लाभांश 8.50 रुपये, 2016-17 ला 4.75. तात्या म्हणाले, "निम्मा केला की!" वरवर तसंच दिसतं. पण 8.50 मध्ये 2 रुपये विशेष लाभांश होता. विशेष लाभांश ही दिवाळीची बक्षिसी असते, पगारात धरायची नसते. राहिले 6.50. शिवाय 2016 मध्ये कंपनीनं दोन शेअरमागं एक बोनस दिला, म्हणजे दोनाचे तीन झाले. म्हणून जुना आकडा दीडनं भागायचा: 6.50 चे झाले 4.33. आता बघा, 4.33 वरून 4.75. कपात नाही, वाढच आहे.

पुढं 5.15, 5.75, मग 2019-20 ला एकदम 10.15. त्यानंतर 10.75 आणि 11.50. 2022-23 ला 15.50 दिसतात, पण त्यात 2.75 विशेष, नेहमीचे 12.75. मग 13.75 आणि 14.35. विशेष लाभांश वेगळा काढला नसता तर 15.50 वरून 13.75 ही घसरण वाटली असती.

बोनस आणि विशेष लाभांश, या दोन दुरुस्त्या केल्याशिवाय कुठलीही तयार यादी मानू नका.

वाढ कुठून आली ते विचारा

माझ्या मते या पद्धतीचं खरं मर्म इथं आहे आणि बहुतेक जण इथंच फसतात.

5.75 चे 10.15 होताना नफा पाऊणपट वाढला नव्हता. शेअरमागं नफा साधारण 10 रुपयांवरून 12 रुपयांच्या थोडा वर गेला होता. वाढला होता तो नफ्यातून वाटायचा हिस्सा: साधारण 56 टक्क्यांवरून 82 टक्क्यांवर. त्याच सुमारास, 1 एप्रिल 2020 पासून, कंपनीनं भरायचा लाभांश वितरण कर सरकारनं रद्द केला आणि कर भागधारकाच्या अंगावर आला. बटईदारानं पीक वाढवलं नाही, वाट्याचं माप बदललं. असं माप एकदाच बदलता येतं. 82 चे 120 टक्के करून कुणी दरवर्षी देऊ शकत नाही.

याचा हिशेबावर परिणाम केवढा होतो, बघा. 2018-19 च्या 5.75 पासून 2024-25 पर्यंत मोजलं तर लाभांश वर्षाला सोळा टक्क्यांहून अधिक वेगानं वाढला. 2019-20 च्या 10.15 पासून मोजलं तर सात टक्के. कंपनी तीच, फक्त सुरुवातीचं वर्ष एकानं पुढं. पुढचा अंदाज बांधताना सात धरायचे, सोळा नव्हे.

म्हणून वहीत लाभांशाशेजारी शेअरमागचा नफा लिहा आणि पहिल्याला दुसऱ्यानं भागा. हा हिस्सा वर्षानुवर्षं एका जागी राहून लाभांश वाढत असेल, तर वाढ नफ्यातून येतेय. हिस्साच चढत असेल, तर वाढ उसनी आहे. 2020-21 ला आयटीसीचा शेअरमागं नफा 10.60 च्या आसपास होता आणि लाभांश 10.75, म्हणजे त्या कोरोनाच्या वर्षी कमावलं त्याहून जास्त वाटलं. गाठीला पैसा होता म्हणून निभलं. कर्ज असलेल्या कंपनीत हीच गोष्ट दिसली, तर मी तिथंच थांबेन.

तिसरा रकाना रोकडीचा. वार्षिक अहवालात रोख प्रवाहाचं पान असतं. धंद्यातून आलेली रोकड घ्या, त्यातून यंत्रं-इमारतींवरचा खर्च वजा करा आणि उरलेल्यात लाभांश बसतो का पाहा. एखादं वर्ष नाही बसला तरी चालतं. लागोपाठ तीन वर्षं बसत नसेल तर लाभांश कर्जातून चाललाय. बँकांना हा रकाना लागू पडत नाही, त्यांची रोकड वेगळ्या तऱ्हेची असते.

सर्वांत मोठ्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार लाभांश धोरण जाहीर करावं लागतं. ते दोन-तीन पानी असतं, जरूर वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या "नफ्याच्या इतके टक्के वाटू" असं म्हणतात. "दरवर्षी वाढवू" असं नाही. नफा घसरला की वाटाही घसरणार, हे त्यातच लिहिलेलं असतं. कोल इंडियानं 2013-14 ला 29 रुपये दिले आणि 2019-20 ला 12. दरवर्षी भरघोस देणारी कंपनी आणि दरवर्षी वाढवणारी कंपनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एफडीशी तुलना, पण खरी

तात्यांचा पुढचा प्रश्न रास्त होता: एफडी सात टक्के देते, मग मी दोन-तीन टक्क्यांवर का यावं?

समजा एक लाख रुपये आहेत. एफडी सात टक्क्यांनी वर्षाला 7000 देते. दुसरीकडं शेअर पहिल्या वर्षी 2000 देतो आणि लाभांश वर्षाला 12 टक्क्यांनी वाढतो. बाराव्या वर्षी तो 7000 च्या जवळ पोचतो. हा आकडा सगळे सांगतात. पण आधीची अकरा वर्षं तुम्ही कमी घेतलंय. एकूण हातात आलेली रक्कम मोजली तर शेअर एफडीला गाठतो विसाव्या वर्षी. वाढ आठच टक्के निघाली, तर वार्षिक रक्कम 7000 वर जायलाच अठरावं वर्ष उजाडतं.

बदल्यात मुद्दल वाढण्याची शक्यता मिळते; एफडीचं मुद्दल आकड्यानं तेवढंच राहतं. पण ती शक्यताच आहे. आयटीसीचा शेअर जुलै 2017 मध्ये 350 च्या आसपास होता, मार्च 2020 मध्ये 150 च्या आसपास. त्या संपूर्ण काळात लाभांश वाढतच होता. वर्षाच्या खर्चासाठी तेव्हा शेअर विकावे लागले असते, तर वाढत्या लाभांशाचा काय उपयोग?

तात्या अडुसष्ट वर्षांचे. म्हणून त्यांना सांगितलं, "तात्या, घरखर्च आणि दवाखान्याचा पैसा एफडीतच ठेवा. हे पुढच्या पंधरा वर्षांत ज्याला हात लावायचा नाही, त्या पैशाचं काम आहे." चाळिशीतल्या त्यांच्या मुलाला ही पद्धत अधिक शोभते.

काय गमवावं लागतं

नफ्यातले ऐंशी टक्के वाटणारी कंपनी धंदा वाढवायला वीसच ठेवते. ज्या कंपनीला नवे कारखाने उभारून चांगली कमाई करता येते, तिनं पैसा वाटण्यापेक्षा स्वतःकडं ठेवलेलाच भागधारकाच्या हिताचा. अशा कंपन्या या चाळणीत गळून पडतात, हे मान्य करूनच पुढं जायचं.

कराचंही तसंच. लाभांश तुमच्या उत्पन्नात मिळवला जातो. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाच्या हाती 14.35 पैकी जेमतेम 10 रुपये उरतात. शेअर वर्षाहून जास्त ठेवून विकला, तर सव्वा लाखापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्केच. उलट 2025-26 पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करसवलत आहे, त्यामुळं तात्यांसारख्याला लाभांशावर बहुधा काहीच भरावं लागत नाही. एका कंपनीकडून वर्षात 10000 रुपयांहून जास्त लाभांश आला तर दहा टक्के कापून घेतात. कर लागत नसेल तर विवरणपत्र भरून ते परत मागायचे.

आणि काही धोके वहीत दिसतच नाहीत. एप्रिल 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना 2019-20 च्या नफ्यातून लाभांश द्यायला मनाई केली. वर्षानुवर्षं वाढवत आलेल्या बँकांचीही साखळी एका परिपत्रकानं तुटली. म्हणून सगळे पैसे एकाच क्षेत्रात नकोत. मी दहा-बारा कंपन्या आणि निदान पाच वेगवेगळे धंदे धरतो.

तात्यांनी पूर्वी एक शेअर फक्त नऊ टक्के परतावा दिसतो म्हणून घेतला होता. परतावा नऊ दिसत होता, कारण भाव आधीच पडला होता. लाभांशाचा आकडा मागच्या वर्षीचा होता. पुढच्या वर्षी लाभांश निम्मा झाला. त्या कंपनीची वही आम्ही त्या दुपारी मांडली. पाचव्या ओळीपासून नफ्यातला हिस्सा 40, 55, 70, 95 असा चढत गेला होता. तात्या बराच वेळ त्या रकान्यावर बोट ठेवून बसले. मग त्यांनी वही पिशवीत घातली आणि उरलेल्या दोन शेअरची पानं घरी मांडून आणतो म्हणाले.