बॉयलर बंद पडलं की घरमालकाला मेल कसा लिहायचा (इंग्लंडात नवीन आलेल्या आपल्या पोरांसाठी)

आमच्या लातुरात नळाला पाणी यायलं नाही की खालूनच ओरडायचं, "काका, मोटार लावा की!" आणि काका वरून ओ द्यायचे, झाला अर्ज. इथं घरमालक वर राहत नाही. कधी कधी तर तो कसा दिसतो हेपण आपल्याला माहीत नसतं, मधी एजंट असतो आणि एजंटला फोन केला की तो गोड बोलून ठेवून देतो. म्हणून फोन खुशाल करा पण त्याच दिवशी मेल टाका, कारण फोनवर काय बोलणं झालं ते पुढं कुणालाच आठवत नाही.

मला इथं येऊन अकरा वर्षं झाली. दर नोव्हेंबरात कुणाचं तरी बॉयलर जातं आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर मेलचा ड्राफ्ट येतो, "दादा, जरा बघता का". गेल्या वर्षी नांदेडच्या एका पोराचा आला होता तो जसाच्या तसा देतो, त्याला विचारून. इंग्रजी देवनागरीतच लिहितो, वाचायला सोपं जातं.

"रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम हॅविंग प्रॉब्लेम विथ बॉयलर सिन्स वन वीक. आय हॅव टोल्ड यू ऑन ट्यूसडे ऑल्सो. व्हाय यू आर नॉट टेकिंग अ‍ॅक्शन? यू पीपल ओन्ली वाँट रेंट. काइंडली डू द नीडफुल इमीजिएटली, अदरवाइज वुई विल नॉट पे द रेंट."

आधी शेवटचं वाक्य, कारण तिथं मी स्वतः आपटलेलो आहे. पहिल्या हिवाळ्यात माझं पण बॉयलर गेलं होतं, मी असाच तापून मेल लिहिला आणि खरंच एक महिना भाडं अडवलं. बॉयलर दुरुस्त झालं, भाडं पण नंतर दिलं, मला वाटलं संपला विषय. पुढच्या वर्षी दुसरं घर बघायला गेलो तर तिथल्या एजंटनं जुन्या मालकाकडून रेफरन्स मागितला आणि त्यानं लिहून दिलं की भाडं थकवलं होतं, वर माझा तो मेल पण जोडला. शेवटी सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरून घर मिळालं, त्यातले अर्धे पैसे गावाकडून भावानं पाठवले. भाडं अडवू नका. अडवायची धमकी पण लिहू नका. दुरुस्ती होत नाही म्हणून भाडं आपोआप माफ होत नाही, थकलं की चूक आपली धरतात, मालकाची दुरुस्ती बाजूलाच राहते.

आता बाकीचा मेल. पोरगं रागीट नाही हो, मराठीत विचार करून इंग्रजीत लिहायलंय एवढंच. "आठवड्यापासून बंद आहे" यातल्या "पासून"चं त्यानं सिन्स केलं. सिन्सच्या पुढं वार किंवा तारीख लागते, किती दिवस झाले ते सांगायचं तर फॉर. सिन्स मंडे, पण फॉर अ वीक. दुसरं, आपण "मी मंगळवारी सांगितलेलं आहे" म्हणतो म्हणून हॅव टोल्ड येतं, पण इंग्रजीत ऑन लावून तारीख किंवा वार आला की हॅव निघून जातं: आय रिपोर्टेड इट ऑन ट्यूसडे. टोल्ड यू पेक्षा रिपोर्टेड बरं, टोल्ड यू म्हणलं की "सांगितलं होतं ना तुला" असा सूर लागतो. आय अ‍ॅम हॅविंग प्रॉब्लेम काढून टाका, प्रॉब्लेम बॉयलरला आहे. डू द नीडफुल म्हणजे नक्की काय करायचं ते इथल्या माणसाला कळत नाही.

सगळ्यात कामाची गोष्ट मराठीतच आहे. "तुम्ही बॉयलर दुरुस्त केलं नाही" आणि "बॉयलर अजून दुरुस्त झालेलं नाही", दोन्हीत माहिती एकच, पण पहिल्यात बोट माणसाकडं आहे. शेजाऱ्याशी बिघडू नये म्हणून आपण दुसरं बोलतोच की! तेच इंग्रजीत करायचं, वाक्याच्या सुरुवातीला यू नको, द बॉयलर पाहिजे. यू पीपल तर आयुष्यात लिहू नका. आणि नुसतं प्लीज लावलं म्हणजे हुकूम विनंती होत नाही, आपल्या "करा ना"तला "ना" इंग्रजीत कुड यू मध्ये असतो.

पण मऊपणाच्या नावाखाली सॉरी टू डिस्टर्ब यू पण नको. लातूरवाले भांडतात आणि पुण्याकडून आलेली पोरं माफी मागत बसतात, दोघांचंही बॉयलर थंडच. घरात हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू ठेवणं ही इंग्लंडात मालकाची कायद्यानं जबाबदारी आहे, 1985 च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अ‍ॅक्टचं कलम 11. (स्कॉटलंडचा कायदा वेगळा.) कलम माहीत असू द्या, पहिल्या मेलात टाकू नका.

आम्ही दोघांनी मिळून मग हे केलं. आधी त्याला बॉयलरवरचा प्रेशरचा काटा बघायला लावला, थंड असताना तो साधारण 1 ते 1.5 बारवर पाहिजे, याचा शून्यावर. फोटो काढला. सब्जेक्टमध्ये घराचा पत्ता आणि "नो हीटिंग ऑर हॉट वॉटर". मग:

"डिअर मिस्टर (आडनाव), द बॉयलर हॅज नॉट बीन वर्किंग सिन्स मंडे 3 नोव्हेंबर, अँड वुई हॅव हॅड नो हीटिंग ऑर हॉट वॉटर फॉर अ वीक. आय रिपोर्टेड धिस बाय फोन ऑन 4 नोव्हेंबर अँड बाय टेक्स्ट ऑन 7 नोव्हेंबर. द प्रेशर गेज रीड्स झिरो. अ फोटो इज अटॅच्ड. कुड यू प्लीज कन्फर्म बाय 5 पीएम ऑन वेन्सडे 12 नोव्हेंबर व्हेन अ‍ॅन इंजिनिअर विल कम? समवन इज अ‍ॅट होम आफ्टर 4 एव्हरी डे. काइंड रिगार्ड्स," खाली नाव.

रागाचा एक शब्द नाही, पण दोन तारखा वाचल्या की मालकाला कळतं की हे पोरगं हिशोब ठेवायलंय. इमीजिएटलीच्या जागी वार आणि वेळ दिली. इमीजिएटली कधी संपतं ते कुणी सांगू शकत नाही, बुधवारचे पाच वाजले की वाजले. शेवटच्या ओळीनं "घरी कुणी नव्हतं" हे कारणच काढून घेतलं.

बुधवारी उत्तर आलं नाही तर त्याच मेलवर रिप्लाय करायचा, नवा मेल नको, म्हणजे सगळं एका खाली एक राहतं. त्यात कलम 11 ची एक ओळ आणि ही: इफ आय डू नॉट हिअर फ्रॉम यू बाय फ्रायडे, आय विल कॉन्टॅक्ट द कौन्सिल. ही धमकी नाही, पुढची पायरी आहे, पण लिहिली तर शुक्रवारी खरंच कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, हाउसिंगवाल्यांना कळवा, नाहीतर तिसरा मेल कुणी उघडणार नाही.

सगळं कॅपिटलमध्ये लिहू नका. रात्री अकरानंतर पाठवू नका, सकाळी चहा पिऊन वाचा मग पाठवा.

त्याला दुसरा मेल लागला नाही, बुधवारी दुपारी उत्तर आलं आणि गुरुवारी इंजिनिअर. मला मेसेज, "दादा, गरम पाणी यायलंय." म्हणलं आंघोळ नंतर कर, आधी त्याच मेलवर एक ओळ टाक: थँक यू, द बॉयलर वॉज रिपेअर्ड ऑन 13 नोव्हेंबर. जानेवारीत परत बंद पडलं तेव्हा त्यानं ती तारीख लिहूनच मेल सुरू केला, माझ्याकडं ड्राफ्ट आला नाही.